पुराच्या रात्री बॉटला २१ सेकंद लागतात, ते जातात कुठे?

सरकारी कामं आता हळूहळू चॅटमध्ये शिरतायत. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने पीएम-किसानसाठी 'किसान ई-मित्र' हा चॅटबॉट आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मेटासोबत करार करून 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी कृषी विभागाचं 'महाविस्तार' अ‍ॅप आलं, त्यातही मराठीत प्रश्न विचारता येतो. हे सगळं चांगलंच आहे. पण अशा बॉट्सबद्दल बोलताना चर्चा दोनच गोष्टींवर अडकते: उत्तर बरोबर आलं का, आणि मराठी नीट होतं का. उत्तर किती वेळात आलं हे फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर 'एआय स्लो आहे' किंवा 'नेटवर्क नाही' एवढ्यावर विषय संपतो.

मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. बॉटचं एक उत्तर म्हणजे एकामागून एक होणारी आठ-दहा कामं असतात. त्यातलं नेमकं कोणतं काम वेळ खातंय, हे मोजून सांगता येतं. ते कसं मोजतात हे आज एका उदाहरणावर पाहू.

उदाहरणासाठी गोसीखुर्द घेतलंय, कारण तिथे उत्तर उशिरा मिळण्याला खरी किंमत आहे. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. धरणाला ३३ दरवाजे आहेत, आणि पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात 'किती दरवाजे उघडले?' हा प्रश्न 'जेवण झालं का?' इतक्या सहज विचारला जातो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं गेलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरापासून खाली ब्रह्मपुरी-गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. अशा वेळी लोक फोनवरच विचारणार. शिवाय सगळे एकदमच विचारणार, आणि बरेचसे टाइप न करता व्हॉइस नोट पाठवणार.

म्हणून मी सरावासाठी लॅपटॉपवर एक छोटा बॉट बांधला. खऱ्या सरकारी सर्व्हरला हात लावला नाही. धरणांची नमुना माहिती देणारा स्वतःचाच एक सर्व्हर ठेवला आणि त्यात मुद्दाम अडथळे टाकले: दर दहा विनंत्यांपैकी साधारण एक विनंती लटकते, उत्तरच येत नाही. बाहेरच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा असेल. खालचे आकडे या चाचणीतले आहेत आणि वाचायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुमच्या मशीनवर, तुमच्या मॉडेलवर ते वेगळे येतील. बघायची आहे ती पद्धत.

ट्रेस म्हणजे काय

समजा तुम्ही एक पार्सल पाठवलं आणि ते सहा दिवसांनी पोचलं. 'सहा दिवस लागले' एवढंच कळलं तर तुम्ही कुणालाच जाब विचारू शकत नाही. पण ट्रॅकिंगमध्ये दिसलं की नागपूरच्या गोदामात ते चार दिवस पडून होतं, तर प्रश्न तिथे विचारायचा हे ठरतं. चॅटबॉटचा ट्रेस म्हणजे हेच ट्रॅकिंग. एका प्रश्नाला एक क्रमांक द्यायचा, आणि त्या प्रश्नासाठी होणाऱ्या प्रत्येक कामाची वेगळी नोंद ठेवायची: कधी सुरू झालं, किती वेळ चाललं. या एका नोंदीला स्पॅन म्हणतात. सगळे स्पॅन एकाच क्रमांकाखाली ओळीने लावले की झाला ट्रेस.

ही कल्पना चॅटबॉटच्या आधीची आहे. गुगलने २०१० मध्ये 'डॅपर' नावाच्या त्यांच्या अंतर्गत व्यवस्थेवर पेपर लिहिला, तेव्हापासून ती सगळीकडे पसरली. आज यासाठी ओपनटेलिमेट्री नावाचं मुक्त साधन आहे. २०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र करून ते बनलं आणि कुणालाही फुकट वापरता येतं. भाषेच्या मॉडेलसाठी त्यात वेगळी ठरलेली नावंही आहेत, उदाहरणार्थ मॉडेलला किती मजकूर दिला यासाठी `gen_ai.usage.input_tokens` आणि त्याने किती लिहिला यासाठी `gen_ai.usage.output_tokens`.

कोडमध्ये एखाद्या कामाभोवती स्पॅन गुंडाळणं इतकंच असतं:

```python
with tracer.start_as_current_span("tool:dam_status") as span:
    span.set_attribute("gen_ai.tool.name", "dam_status")
    span.set_attribute("dam.query", dam_name)
    data = fetch_status(dam_name)
```

चार ओळी. यातली तिसरी ओळ, म्हणजे कोणत्या नावाने धरण शोधलं ते लिहून ठेवणारी, पुढे फार कामाला येणार आहे.

एक व्हॉइस नोट, दहा कामं

प्रश्न होता: 'गोसीखुर्दचे किती दरवाजे उघडलेत? ब्रह्मपुरीकडे पाणी येणार का?' बोलून विचारलेला, सात-आठ सेकंदांचा आवाज. उत्तर मजकुरात आणि आवाजात, दोन्ही प्रकारे द्यायचं होतं. ट्रेस असा आला. वेळ सेकंदांत आहे:

```
span              start   dur   in_tok  out_tok
download_audio      0.0   0.6
speech_to_text      0.6   1.9
search_docs         2.5   0.3
llm_call_1          2.8   1.4     3900       40
tool:dam_status     4.2   6.1
llm_call_2         10.3   1.5     5200       38
tool:dam_status    11.8   0.4
llm_call_3         12.2   5.8     6500      245
text_to_speech     18.0   2.4
send_reply         20.4   0.5
total                    20.9
```

वाचायला सोपं आहे. आधी आवाजाची फाइल उतरवून घेतली, मग आवाजाचा मजकूर केला, मग साठवलेल्या कागदपत्रांत काही उपयोगी सापडतंय का ते पाहिलं. त्यानंतर मॉडेलला विचारलं. मॉडेल स्वतः धरणाची पातळी जाणत नाही. त्यामुळे ते उत्तर न देता 'हे टूल चालव, हे नाव दे' असं छोटंसं फर्मान लिहितं. यालाच टूल कॉल म्हणतात. आपला प्रोग्राम ते टूल चालवतो, आलेली माहिती आधीच्या सगळ्या मजकुराला जोडतो आणि परत मॉडेलला विचारतो. म्हणून मॉडेलच्या तीन फेऱ्या दिसतायत.

एकूण २०.९ सेकंद. व्हॉट्सअ‍ॅपवर वाट पाहत असाल तर एवढ्यात तुम्ही दुसऱ्या ग्रुपवर जाऊन कुणीतरी फॉरवर्ड केलेला दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून घाबरलेले असता. बॉट उशिरा बोलला की ती जागा अफवा भरून काढते, म्हणून हे २१ सेकंद मला साधी गैरसोय वाटत नाहीत.

आता इथे पहिला मोह होतो तो मॉडेल बदलण्याचा. 'वेगवान मॉडेल घ्या.' हिशेब करून बघा. मॉडेलच्या तीन फेऱ्या मिळून १.४ + १.५ + ५.८, म्हणजे ८.७ सेकंद. दुप्पट वेगाचं मॉडेल आणलं तरी वाचतात चार सेकंद आणि थोडं वर. एकूण वेळ साडेसोळाच्या आसपास राहतो. पैसे गेले, बॉट मात्र अजूनही हळूच.

सहा सेकंद लटकलेलं टूल

सगळ्यात लांब ओळ पहिल्या `tool:dam_status` ची आहे: ६.१ सेकंद. धरणाची माहिती आणायला इतका वेळ? त्या स्पॅनच्या आत छोटे स्पॅन ठेवले होते, ते उघडले की कथा कळते. पहिला प्रयत्न ५.० सेकंद, उत्तर नाही, टाइमआउट. मग ०.५ सेकंद थांबणं. मग दुसरा प्रयत्न, ०.६ सेकंदात उत्तर.

म्हणजे माहिती देणारा सर्व्हर हळू नाहीच. चालतो तेव्हा तो अर्ध्या-पाऊण सेकंदात उत्तर देतो. वेळ गेला तो न येणाऱ्या उत्तराची वाट पाहण्यात, आणि ती पाच सेकंदांची मर्यादा बॉटच्याच कोडमध्ये लिहिलेली असते. बऱ्याच लायब्ररींमध्ये तर मर्यादा ठरवून दिली नाही तर ती पाचहून खूप मोठी असते, काहींमध्ये नसतेच. वरवर एकच ६.१ चा आकडा पाहिला असता तर 'सरकारी सर्व्हर स्लो' म्हणून मोकळे झालो असतो. प्रत्येक प्रयत्नाचा स्पॅन वेगळा ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

यावर टाइमआउट दीड सेकंदावर आणता येतो, पण मला दुसरा उपाय जास्त पटतो. दरवाजांची स्थिती दर सेकंदाला बदलत नाही. मग प्रत्येक माणसाच्या प्रश्नासाठी बाहेर धावायचंच कशाला? मागे एक छोटा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी माहिती आणून आपल्याकडे ठेवतो, आणि बॉट तिथूनच वाचतो. टूलचा वेळ ०.१ सेकंदावर येतो. हजार लोकांनी विचारलं तरी बाहेरच्या सर्व्हरवर दहा मिनिटांत एकच विनंती जाते.

इथे एक धोका आहे आणि तो पुराच्या बाबतीत फार गंभीर आहे. मागचा प्रोग्राम बंद पडला तर बॉट तीन तासांपूर्वीची माहिती आत्ताची म्हणून, अगदी झटपट, सांगत बसेल. वेगाच्या आकड्यांवर सगळं हिरवंगार दिसेल आणि उत्तर घातक असेल. म्हणून टूलच्या स्पॅनमध्ये माहिती किती जुनी आहे हे मिनिटांत लिहायचं, उत्तरातही 'सायंकाळी ६.१० ची स्थिती' असं छापायचं, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जुनी असेल तर बॉटने आकडा न सांगता जिल्हा नियंत्रण कक्षाकडे पाठवायचं. वेग मोजताना ताजेपणा मोजला नाही तर तो वेग कामाचा नाही.

इंदिरा सागर, पण कोणता?

आता ट्रेसमध्ये पुन्हा बघा. तेच टूल दोनदा चाललंय. दुसऱ्यांदा फक्त ०.४ सेकंद, म्हणून नजर त्यावरून घसरते. पण दुसऱ्यांदा का चालावं लागलं? टूलमध्ये टाकलेलं नाव लॉगमध्ये होतं म्हणून कळलं:

```
tool:dam_status  dam.query="Indira Sagar"
tool:dam_status  dam.query="Gosikhurd, Bhandara"
```

गोसीखुर्द प्रकल्पाचं अधिकृत नाव इंदिरा सागर आहे. कागदपत्रांत ते नाव होतं, मॉडेलने शहाणपणा करून तेच वापरलं. गंमत अशी की इंदिरा सागर नावाचं आणखी एक मोठं धरण आहे, मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवर. टूलने ते आणून दिलं. मॉडेलला नदीचं नाव जुळत नाही हे लक्षात आलं आणि त्याने पुन्हा विचारलं. या वेळी लक्षात आलं. दर वेळी येईलच असं नाही, आणि आलं नाही तर ब्रह्मपुरीतल्या माणसाला नर्मदेची पातळी सांगितली जाईल.

वेळेचा हिशेब इथे कसा करायचा तेही बघण्यासारखं आहे. दुसऱ्या टूल कॉलची किंमत ०.४ सेकंद नाही. तो मागायला मॉडेलची एक अख्खी फेरी लागली, १.५ सेकंद. म्हणजे एकूण १.९. शिवाय टूलने दर वेळी गेल्या महिन्याभराच्या पातळ्यांची यादी परत दिली, साधारण १३०० टोकन. आधी ३९०० असलेला मजकूर ५२०० झाला, मग ६५००. बहुतेक सेवांमध्ये टोकनवर पैसे लागतात, आणि प्रत्येक फेरीला आधीचं सगळं पुन्हा पाठवावं लागतं. दहा मिनिटांची माहिती साठवून ठेवायच्या आधीच्या व्यवस्थेत आणखी एक तोटा होता: दहातली एक विनंती लटकत असेल आणि एका प्रश्नाला दोन विनंत्या लागत असतील, तर जवळपास प्रत्येक पाचव्या माणसाच्या वाट्याला किमान एक लटकणं येतं. एका अनावश्यक कॉलने वाईट अनुभवाची शक्यता जवळपास दुप्पट केली.

उपाय साधा निघाला. टूलला मोकळं नाव घ्यायला न लावता धरणांची ठरलेली यादी दिली, प्रत्येकाला जिल्हा आणि नदीसकट एक ओळखचिन्ह. आता मॉडेलला त्यातूनच निवडावं लागतं. आणि टूल महिनाभराची यादी न देता आजची ओळच परत देतं. दुसरी फेरी नाहीशी झाली.

वाचणं स्वस्त, लिहिणं महाग

उरली सर्वात मोठी मॉडेल फेरी, `llm_call_3`. ५.८ सेकंद. समोर आकडा दिसतो ६५०० टोकन, आणि वाटतं की एवढं वाचायचं म्हटल्यावर वेळ लागणारच, सूचना कमी करा, कागदपत्रं छाटा. पण पहिला शब्द कधी आला याचीही नोंद ठेवली होती. पहिला शब्द ०.९ सेकंदाला आला. बाकीचे ४.९ सेकंद २४५ टोकन लिहिण्यात गेले. सेकंदाला सुमारे ५० टोकन.

कारण मॉडेल दिलेला मजकूर एकत्रच, समांतर वाचतं, पण लिहिताना एकेक टोकन लिहितं, आणि पुढचं टोकन आधीचं लिहून झाल्याशिवाय ठरत नाही. ६५०० टोकन वाचायला एक सेकंदही लागला नाही, २४५ लिहायला जवळपास पाच लागले. म्हणून दिलेला मजकूर निम्मा केला असता तर अर्धा सेकंदही वाचला नसता. उत्तर २४५ वरून ८५ टोकनवर आणलं तर ३.२ सेकंद वाचतात. उत्तरात धरणाचा इतिहास, 'काळजी घ्या' वगैरे तीन वाक्यं आणि शेवटी आणखी काही विचारायचंय का, असं सगळं होतं. पुराच्या रात्री ते कुणाला हवंय? किती दरवाजे, किती वाजताची माहिती, इशारा कुणाचा आणि कुठल्या गावांना, एवढं पुरे. शिवाय मजकूर छोटा झाला की त्याचा आवाज करायलाही कमी वेळ लागतो: २.४ चा १.० सेकंद झाला. हा फायदा आपोआप मिळाला.

मराठीसाठी यात एक वेगळा मुद्दा आहे. टोकन म्हणजे शब्द नव्हे, शब्दाचा तुकडा. हे तुकडे कसे पाडायचे ते मॉडेलगणिक ठरलेलं असतं, आणि जुन्या पद्धतींमध्ये देवनागरीचे फार बारीक तुकडे व्हायचे. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना स्वतःच उदाहरण दिलं होतं: एकच छोटा मजकूर, मराठीत आधी ९६ टोकन, नव्या पद्धतीत ३३. तोच मजकूर इंग्रजीत आधी २७, नंतर २४. आता वरचा नियम आठवा, की लिहिण्याचा वेळ टोकनवर ठरतो. त्या प्रमाणात धरलं तर माझं २४५ टोकनचं उत्तर जुन्या पद्धतीत ७०० च्या वर गेलं असतं, आणि त्याच वेगाने लिहायला १४ सेकंद लागले असते. तोच प्रश्न इंग्रजीत विचारणाऱ्याला हा फरक जाणवलाही नसता. म्हणून एखादी कंपनी 'आमचं मॉडेल सेकंदाला इतके टोकन लिहितं' सांगते तेव्हा मराठी वापरणाऱ्याने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझ्या एका मराठी वाक्याचे किती टोकन होतात?

वेबसाइटवर शब्द जसजसे येतील तसतसे दाखवता येतात, त्यामुळे तिथे पहिल्या शब्दाचा वेळ महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज अख्खाच जातो, त्यामुळे तिथे शेवटच्या शब्दाचा वेळ मोजायचा. पण एक करता येतं. मजकूर तयार झाला की लगेच पाठवायचा, आवाज मागाहून. हे सगळे बदल करून त्याच प्रश्नाचा ट्रेस पुन्हा घेतला तेव्हा मजकूर ७.१ सेकंदांत गेला. मॉडेल तेच, आणि इंटरनेटही तेच होतं. कागदपत्रांतल्या शोधाचे ०.३ सेकंद तसेच सोडले, तिथे मेहनत घेण्यात अर्थ नाही. आता सर्वात लांब ओळी दोन राहिल्या: आवाजाचा मजकूर करण्याचे १.९ सेकंद आणि शेवटच्या फेरीचे २.३.

सरासरीवर विश्वास ठेवू नका

एका ट्रेसवरून निष्कर्ष काढायचा नसतो, तोच प्रश्न अनेकदा विचारून बघायचा. सुधारणेआधीच्या बॉटचं गणित घ्या. टूल लटकलं नाही तर १५.४ सेकंद. एकदा लटकलं तर २०.९. दोन्ही वेळा लटकलं तर २६.४. सरासरी काढली तर साधारण साडेसोळा. पण साडेसोळा सेकंदांत उत्तर मिळालेला माणूस एकही नाही! म्हणून जाणकार सरासरी न पाहता सगळे वेळ चढत्या क्रमाने लावतात आणि शंभरातल्या पंचाण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला ते पाहतात. मग त्याच्या मागचे ट्रेस उघडून वाचतात. सरकारी बॉटच्या जाहिरातीत 'सरासरी प्रतिसाद वेळ' दिसला तर मी तरी तो आकडा बाजूला ठेवतो.

आणखी एक खूण: दोन ओळींमधली फट. वरच्या ट्रेसमध्ये एक काम संपतं तिथेच पुढचं सुरू होतं. मी एकाच वेळी पन्नास प्रश्न सोडले तेव्हा आवाज उतरवून घेणं ०.६ ला संपलं आणि आवाजाचा मजकूर करणं सुरू झालं थेट ४.८ ला. मधले चार सेकंद कोणत्याच कामाचे नव्हते. ती रांग होती. प्रत्येक कामाचा स्वतःचा वेळ ठीकच दिसत होता, माणूस मात्र थांबलेला होता. पुराच्या रात्री बॉट कोसळतो तो बहुतेकदा असा, आणि फक्त कामांचे वेळ पाहणाऱ्याला ते दिसतच नाही.

ट्रेसला काही गोष्टी मुळातच दिसत नाहीत. त्याचं घड्याळ सर्व्हरवर सुरू होतं. गोसीखुर्दच्या आसपास टॉवरचा एकच दांडा असताना व्हॉइस नोट वर चढायला लागलेला वेळ यात नाही. व्हॉट्सअ‍ॅपकडून येणाऱ्या मेसेजवर वेळेचा शिक्का असतो, त्यावरून थोडा अंदाज येतो, पण फोनवर ते गोल फिरणारं चिन्ह किती वेळ दिसलं हे सर्व्हरला कळत नाही. त्यासाठी खऱ्या गावात, खऱ्या फोनवरून, घड्याळ लावून मोजावं लागतं. कार्यालयातल्या वायफायवर केलेली चाचणी याला पर्याय नाही.

आणि लॉग ठेवताना काय ठेवायचं नाही, हेही आधी ठरवायला हवं. लोक बॉटला काय काय सांगतात: आधार क्रमांक, कर्ज, आजार, घरात किती माणसं अडकलीत. हळू जागा शोधायला यातलं काहीच लागत नाही. वेळ, टोकनची संख्या, टूलचं नाव, धरणाचं नाव एवढं पुरतं. ओपनटेलिमेट्रीच्या ठरलेल्या पद्धतीतही प्रश्न-उत्तराचा मजकूर आपोआप नोंदवायचा नाही, मुद्दाम चालू करावा लागतो, असंच सुचवलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख तोच आहे, की कामापुरतीच माहिती घ्या. एखाद्या बॉटच्या कंत्राटात 'सर्व संभाषणं लॉग केली जातील, गुणवत्ता सुधारण्यासाठी' असं वाक्य दिसलं तर त्यातल्या 'सर्व' या शब्दावर बोट ठेवून विचारायला हरकत नाही. माझ्या चाचणीतला वरचा अख्खा ट्रेस विचारणाऱ्याचा एकही शब्द न साठवता वाचता आला.